दाव्यांचा तक्ता नीट वाचला तर

कर्मचाऱ्यांच्या सामूहिक आरोग्य विम्यासाठी कंपनी ब्रोकरांकडून प्रस्ताव मागवते, तेव्हा निमंत्रणासोबत दाव्यांचा तक्ता देते. खरी मेख तिथेच असते.

समजा, वर्षाचा प्रीमियम एक कोटी आहे. नऊ महिन्यांत ७२ लाखांचे दावे चुकते झाले आणि ९ लाखांचे प्रलंबित आहेत. ८१ लाखांना कोटीने भागले, तर दाव्यांचे प्रमाण ८१ टक्के दिसते. पण नऊ महिन्यांचा प्रीमियम ७५ लाखच होतो. त्यामुळे खरे प्रमाण १०८ टक्के आहे. शिवाय उपचार झालेत, पण बिले अजून आलेली नाहीत, असे दावे वेगळेच.

म्हणून तक्त्यावर तारीख हवी, चुकते व प्रलंबित दावे वेगळे हवेत, मोठे दावे सुटे दाखवावेत. रुग्णांची नावे मात्र काढावीत.

मूल्यमापनात सर्वाधिक गुण कमी प्रीमियमला देणे मला धोक्याचे वाटते. ८५ लाखांचा दर आणणाऱ्या ब्रोकरला विचारावे: कोणते संरक्षण कापले? खोलीभाड्याची मर्यादा, की आईवडिलांच्या उपचारांत कर्मचाऱ्याचा वाटा? रात्री रुग्णालयात कॅशलेस अडले, तर फोन कोण उचलणार, याचे उत्तर लेखी घ्यावे आणि त्यालाही गुण ठेवावेत.