सुटापासून पंचापर्यंत

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ सुरू होतो तो शेवटापासून. 30 जानेवारी 1948ची संध्याकाळ, प्रार्थनेला निघालेले वृद्ध गांधी, अंगावर पांढरी शाल. गोळ्या झाडल्या जातात, अंत्ययात्रा दिसते आणि पाठोपाठ आपण थेट 1893 सालच्या दक्षिण आफ्रिकेतल्या रेल्वेच्या डब्यात येऊन पोचतो. पहिल्या वर्गात एक तरुण बॅरिस्टर बसला आहे. गडद सूट, कडक कॉलर, नीट चोपून बसवलेले केस. नोटांवर आणि पुतळ्यांत ज्याला आपण पाहत आलो, तो माणूस या कपड्यांत क्षणभर ओळखूच येत नाही.

या क्रमामागे पक्का विचार आहे. शेवटचा वेष आधी दाखवल्यामुळे पहिला वेष प्रेक्षकाला प्रश्नासारखा दिसतो. हा सूट अंगावरून उतरणार, हे त्याला ठाऊक असतं. तो कधी आणि कशामुळे उतरतो, तेवढंच पाहायचं उरतं. व्यक्तिरेखेतला बदल कपड्यांतून कसा सांगतात, हे समजून घ्यायला याहून सोयीचा चित्रपट मला सापडलेला नाही.

चित्रपटाच्या वेशभूषेचं ऑस्कर 1983 साली जॉन मोलो आणि भानू अथैया यांना विभागून मिळालं. अथैया मूळच्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. जे. जे. कला महाविद्यालयात त्या चित्रकला शिकल्या, मग नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटनं करता करता हिंदी चित्रपटांत आल्या. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यांचा हात चित्रकाराचा होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एकटा रंग फारसा बोलत नाही, शेजारच्या रंगामुळे तो बोलायला लागतो, हे चित्रकाराला शिकवावं लागत नाही.

वेशभूषाकाराचं काम पटकथा हातात आल्यावर सुरू होतं. प्रत्येक पात्र कोणत्या प्रसंगात आहे, तेव्हा वर्ष कोणतं, ऋतू कोणता, आधीच्या प्रसंगानंतर किती काळ लोटला, याची यादी करायची. मग कुठल्या प्रसंगापासून कपडा बदलायचा ते ठरवायचं. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. पडद्यावर सुरुवातीला दिसणारी अंत्ययात्रा चित्रित झाली तेव्हा बाकीचं बरंच काम शिल्लक होतं. म्हणून प्रत्येक टप्प्याचे कपडे आधीपासून वेगळे, क्रमांक घालून तयार ठेवावे लागतात. एखादा कपडा चुकून पुढच्या टप्प्यात आला, तर माणूस उगाच मागे गेल्यासारखा दिसतो.

आता गांधींचे टप्पे पाहू. आफ्रिकेत परवाने जाळतात, पोलीस काठी मारतात, तेव्हाही त्यांच्या अंगावर सूटच आहे. मार खाणारा माणूस साहेबासारखा दिसतो आणि मारणारा शिपाई गणवेषात आहे, यामुळे तो प्रसंग अंगावर येतो. कायदा मानणाऱ्या बॅरिस्टरला कायदाच झोडपतो आहे, हे कपडेच सांगतात. इथेच त्यांना साध्या भारतीय वेषात दाखवलं असतं, तर हा अर्थ निघून गेला असता. बदल दाखवायचा म्हणून घाई केली नाही, याचं श्रेय द्यायला हवं.

पुढचा प्रसंग मला सगळ्यांत आवडतो. कैदेतले गांधी जनरल स्मट्स यांच्या कार्यालयात आणले जातात. केस उतरवलेले, अंगावर तुरुंगाचे जाडेभरडे कपडे. वाटाघाटी होतात, सुटका जाहीर होते. मग गांधी टॅक्सीसाठी पैसे उसने मागतात आणि त्याच कैद्याच्या कपड्यांत, चकित झालेल्या अधिकाऱ्यांसमोरून बाहेर पडतात. सूट गेला तो त्यांनी टाकला म्हणून नव्हे, सरकारने काढून घेतला म्हणून. पण त्या कपड्यांत त्यांना कसलाच संकोच वाटत नाही, आणि बदल नेमका तिथे दिसतो. यानंतर सूट परत अंगावर चढणार नाही, हे कुणी न सांगता आपल्याला कळतं.

1915 साली मुंबईच्या धक्क्यावर ते उतरतात ते पांढऱ्या देशी कपड्यांत. तिथे ब्रिटिश अधिकाऱ्याच्या स्वागताचा लष्करी थाट चालला आहे. मग मेजवानीत सुटाबुटातले पुढारी भेटतात. जिना झोकदार सुटात, तरुण नेहरूही पाश्चात्त्य पोशाखात. आपल्या श्रीराम लागूंनी साकारलेले गोखले गांधींना देश पाहायला सांगतात. गांधींचे कपडे इथे एकटे पडतात, आणि तेच हवं आहे. जिनांच्या घरच्या बैठकीत गांधी नोकराच्या हातून चहाचा ट्रे घेऊन स्वतः सगळ्यांना चहा देतात, तेव्हा त्या वेषाला कृतीची जोड मिळते. अशी जोड नसती, तर तो नुसता पोशाख राहिला असता.

देशाटनात नदीकाठचा प्रसंग येतो. फाटक्या वस्त्रातली एक बाई समोर दिसते. गांधी हातातलं पांढरं कापड पाण्यावर सोडतात, ते वाहत तिच्यापर्यंत जातं. दोघंही बोलत नाहीत. इतिहासात पंचा नेसण्याचा निर्णय 22 सप्टेंबर 1921चा, मदुराईचा. चित्रपटात तो प्रसंग नाही, त्याचं काम या नदीवर सोडलेल्या कापडाने केलं आहे. मला ही निवड पटते, कारण जाहीर निर्णय दाखवला असता तर गांधींना भाषण द्यावं लागलं असतं. पण याची एक किंमतही आहे. पंचा हा जाणूनबुजून, खूप विचार करून उचललेला राजकीय पोशाख होता, ही बाजू पडद्यावर फिकी पडते. तो आपोआप उमलल्यासारखा वाटतो.

या टप्प्यांत रंग गडदाकडून पांढऱ्याकडे सरकतो, आणि पांढरा रंग कॅमेऱ्यासाठी त्रासाचा. कडक उन्हात शुभ्र कापड इतकं चमकतं की घड्या आणि पोत दोन्ही नाहीसे होतात, चेहरा मात्र काळवंडतो. म्हणून वेशभूषा विभागात असं कापड चहाच्या पाण्यात बुडवून किंचित मळकट करून घेण्याची जुनी पद्धत आहे. शिवाय कपडा वापरलेला दिसायला हवा. तो पुन्हा पुन्हा धुतात, घासतात, गुडघ्या-कोपरांशी झिजवतात. पात्र वर्षानुवर्षं गरिबीत राहतं आणि कपड्यांना इस्त्रीची घडी दिसते, असे चित्रपट आपण पाहिलेले आहेत. तिथे बदल पटकथेत लिहिलेला असतो, पण तो अंगावर आलेला नसतो.

पंचा एकदा अंगावर आला की गांधींचा वेष पुढे जवळपास बदलत नाही. व्यक्तिरेखेचा बदल इथून पुढे कपडे कसा दाखवणार? उत्तर आजूबाजूच्या माणसांत आहे. इंग्लंडमध्ये गडद कोट घातलेल्या गर्दीत तोच पंचा आणि तीच शाल दिसते. नेहरू सूट सोडून खादी आणि टोपीत येतात. कापड तेच राहतं आणि त्याच्याभोवतीचा समाज एकेक करून बदलतो. बेन किंग्जली तेवढ्या काळात खांदे झुकवतात, पावलं आखूड करतात, शाल घट्ट ओढून घेतात. त्यामुळे तोच पांढरा कपडा सुरुवातीला उन्हातल्या चालण्याचा वाटतो आणि पुढे थंडीत थकलेल्या शरीराचा.