फलकावरचे टक्के

दहावीचा निकाल लागला की आठ दिवसांत आमच्या तालुक्याच्या एस. टी. स्टँडसमोर खासगी क्लासेसचे फलक उभे राहतात. गोल चौकटीतले फोटो, खाली टक्के आणि वर 'यशाची परंपरा'. मी गेले वर्षभर संध्याकाळी एका क्लासमध्ये पेपर तपासण्याचे काम करतो. त्यामुळे फलकाचा मजकूर तयार होताना जवळून पाहायला मिळाला. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नव्हते. अशा घरांतले आईवडील फलक वाचूनच फी भरतात, म्हणून हा हिशेब समजून घ्यावासा वाटला.

समजा, फलकावर नव्वद टक्क्यांवरचे २६ फोटो आहेत. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मीच घेतले आहेत.) पहिला प्रश्न असा की, एकूण मुले किती? समजा १३०. म्हणजे पाचात एक. पण या १३० पैकी १०० मुले वर्षभर येत होती आणि ३० मुलांनी फक्त शेवटच्या महिन्यात सराव प्रश्नपत्रिका सोडवल्या. २६ पैकी १२ फोटो या ३० मुलांचे आहेत! सराव परीक्षेला स्वतःहून येणारा मुलगा बहुधा आधीच हुशार असतो. वर्षभर शिकलेल्या शंभरांत नव्वदीपार गेले ते १४. पालक भरणार आहेत ती फी वर्षभराची, तेव्हा त्यांच्या उपयोगाचा आकडा 'शंभरात चौदा' हा आहे. तोही वाईट नाही. पण २६ फोटोंच्या गर्दीत तो दिसत नाही.

दुसरा प्रकार 'आधी' आणि 'नंतर' यांचा. व्यायामशाळेच्या जाहिरातीत एका फोटोत पोट सुटलेले आणि दुसऱ्यात सपाट, तसेच हे. 'प्रवेशाच्या वेळी ३१ टक्के, बोर्डात ८४ टक्के' असे वाचले की ५३ टक्क्यांची झेप वाटते. पण ३१ कुठून आले? जूनमध्ये घेतलेल्या, दहावीच्या गणित-विज्ञानावरच्या चाचणीतून, तेही काही शिकवण्याआधी. न शिकवलेल्यावर कोणालाही कमीच गुण पडणार. याउलट ८४ टक्के हे सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे आहेत, म्हणजे ५०० पैकी ४२०. त्यात भाषा आहेत, शाळेने दिलेले अंतर्गत गुणही आहेत. दोन्ही बाजू एकाच मापाने मोजू. सहाव्या विषयात त्याला ६० गुण होते, म्हणजे सहाही विषयांत ६०० पैकी ४८०, अर्थात ८० टक्के. नववीच्या वार्षिक परीक्षेत सहाही विषयांत त्याला ६२ टक्के होते. झेप उरली १८ टक्क्यांची. आणि तीही एकट्या क्लासची नव्हे; शाळा होती, आणि दहावीचे वर्ष म्हणून मुलगा स्वतः पहाटे उठत होता. शिवाय शंभर मुलांतून सर्वांत मोठा फरक असलेला एकच निवडून फलकावर लावला, तर उरलेल्या नव्व्याण्णवांविषयी काहीच कळत नाही. माझ्या मते सर्व मुलांच्या फरकाची मधली संख्या द्यावी. ती नेहमीच लहान दिसते, आणि म्हणूनच कोणी देत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पन्नासांहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांना ती लागू आहेत. त्याआधी प्राधिकरणाला असे आढळले होते की, स्पर्धा परीक्षांच्या कित्येक संस्था ज्यांना 'आमचे विद्यार्थी' म्हणत, त्यांपैकी अनेकांनी तिथे फक्त मोफत मुलाखत-मार्गदर्शन घेतले होते. आता यशस्वी उमेदवाराच्या फोटोसोबत त्याचे नाव, क्रमांक, त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला, किती काळ घेतला आणि तो सशुल्क होता की मोफत, हे सांगावे लागते. खुलाशाची अक्षरे दाव्याच्या अक्षरांएवढीच हवीत. कोपऱ्यातली मुंगीएवढी ओळ चालत नाही. फोटोसाठी लेखी संमती लागते आणि तीही निवड झाल्यानंतर घेतलेली. प्रवेश अर्जाच्या तळाशी आधीच घेऊन ठेवलेली सही उपयोगाची नाही. दहावीचा मुलगा अज्ञान असतो, त्यामुळे निकालानंतर पालकांची सही घेणे हेच योग्य, असे मला वाटते.

मग वरच्या उदाहरणात प्रामाणिक फलकावर काय लिहावे? 'मार्चची परीक्षा. वर्षभराचे विद्यार्थी १००, त्यांपैकी नव्वद टक्क्यांवर १४. फक्त सराव परीक्षेचे विद्यार्थी ३०, त्यांपैकी १२.' आणि प्रत्येक फोटोखाली अभ्यासक्रम व कालावधी. आमच्या सरांना मी हा मजकूर दाखवला. ते म्हणाले, "फलक रिकामा दिसेल रे." मग थोडा वेळ चष्मा पुसत बसले आणि हजेरीपट मागवला. पालकांना माझे एवढेच सांगणे आहे की, प्रवेश घेताना फलकाबद्दल बोलू नका, वर्षभराच्या मुलांची पूर्ण यादी गुणांसह मागा. देणारा क्लास ती पाच मिनिटांत काढून देतो. तक्रार करायची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.