घास, गोळी, घास

आमवात किंवा ल्युपससाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू झालं की पहिल्या काही आठवड्यांत अनेकांना मळमळतं, पोटात ढवळतं, कधी जुलाब होतात. मग एक दिवस गोळी राहते, आणि त्या दिवशी पोट शांत असतं. दुखणंही वाढत नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस राहते, तरी काही बिघडत नाही. या औषधाचा खरा धोका इथेच आहे.

हे औषध शरीरात फार हळू साठतं आणि तितकंच हळू उतरतं. त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ४० दिवस लागतात. म्हणून गुण यायला दोन-तीन महिने वाट पाहावी लागते, आणि एक गोळी चुकली तर सांध्यांना पत्ताही लागत नाही. मळमळ मात्र बहुतेक वेळा गोळी पोटात विरघळताना होते, त्यामुळे गोळी चुकवण्याचा फायदा त्याच दिवशी जाणवतो आणि तोटा कित्येक आठवड्यांनी. तोवर ‘हवा बदलली, दगदग झाली’ अशी कारणं तयार असतात. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ल्युपस आटोक्यात असलेल्या काही रुग्णांचं हे औषध थांबवलं होतं. चालू ठेवलेल्यांच्या तुलनेत त्यांचा आजार उसळण्याचं प्रमाण सुमारे अडीच पट होतं.

समजा, ५२ किलो वजनाची एक शिक्षिका आहे. दिवसाचा डोस सहसा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. म्हणजे तिला २६० मिलिग्रॅमपर्यंत. गोळी २०० ची. म्हणून डॉक्टरांनी आठवड्यातले पाच दिवस एक गोळी आणि दोन दिवस दोन गोळ्या लिहून दिल्या. सरासरी २५७ पडते. औषध इतकं रेंगाळणारं असल्यामुळे असा हिशेब चालतो.

ती सकाळी सहाला चहाबरोबर गोळी घ्यायची आणि एसटीत बसेपर्यंत तोंडाला पाणी सुटायचं. चहा-बिस्किट म्हणजे जेवण नव्हे. डॉक्टरांशी बोलून तिने वेळ बदलली: रात्रीचं जेवण निम्मं झाल्यावर गोळी, तीही अख्खी, कारण चुरली तर भयंकर कडू लागते, मग उरलेला वरणभात. दोन गोळ्यांच्या दिवशी एक दुपारच्या डब्याबरोबर, एक रात्री. जेवणावर वासना नसेल तेव्हा दहीभात किंवा पेलाभर दूध. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. संकष्टीला गोळी चंद्रोदयानंतरच्या जेवणाबरोबर. उपवास गोळीच्या आड येत नाही.

एवढं करूनही त्रास राहिला तर डॉक्टर कधी कधी डोस काही दिवस कमी करून हळूहळू वाढवतात, किंवा उलटीविरुद्धचं औषध देतात. ते त्यांना ठरवू द्यावं. हे औषध आणि काही उलटीच्या गोळ्या, दोन्ही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात, त्यामुळे घरातली जुनी पट्टी काढून घेऊ नये.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. मळमळलं की ‘पित्त झालं’ म्हणत आपण ते गुलाबी जेल पितो. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमची अशी औषधं ही गोळी अंगी लागू देत नाहीत. दोहोंत चार तासांचं अंतर हवं. गोळी रात्री असेल तर जेल दुपारी.

मळमळीचा दोष नेहमी याच गोळीचा असतो असंही नाही. आमवातात बरेच जण आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेतात. कॅलेंडरवर दोन आठवडे खुणा करा. मळमळ त्या गोळीच्या दुसऱ्याच दिवशी येत असेल तर संशयित वेगळा आहे. तरुण स्त्रीला महिन्यांनी अचानक सकाळी मळमळू लागलं तर दिवस गेलेत का हेही पाहावं. तसं असल्यास घाबरून गोळी बंद करू नये, कारण ल्युपसमध्ये ती गरोदरपणातही बहुधा चालूच ठेवतात.

गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवलं तर पुढच्या जेवणाबरोबर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीचीच, दुप्पट नाही. उलटीत पडली तरी आपल्या मनाने पुन्हा घेऊ नये. एका गोळीने साठा रिता होत नाही. मात्र पाणीही टिकत नसेल, डोळे पिवळे झाले, छातीत धडधडून चक्कर आली, किंवा मधुमेहाची औषधं चालू असताना घाम सुटून हातपाय थरथरले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. थरथर सुटली तर निघण्याआधी साखर खावी.