सकाळचे साडेआठ की साडेनऊ?

सोमवार, 10 मार्च 2025. पुण्यात रात्रीचे आठ वाजून गेले होते. पॅनेलमधले तिघेही मीटिंगमध्ये येऊन बसले होते आणि शिकागोच्या उमेदवाराचा पत्ता नव्हता. सव्वाआठला मी त्याला फोन लावला, तर तो लोकलमध्ये होता, ऑफिसला निघालेला. "मॅडम, मी साडेआठला जॉइन झालो होतो. पंचवीस मिनिटं थांबलो, कोणीच आलं नाही. तुमच्या मेलमध्ये साडेआठच लिहिलंय ना?"

मेल उघडून पाहिला. पुणे रात्री आठ, शिकागो सकाळी साडेआठ. मेल मीच लिहिला होता. आणि ज्या रात्री लिहिला, त्या रात्री ते गणित बरोबरही होतं.

लिहिला होता गुरुवारी, 6 मार्चला. घरी बसल्या बसल्या फोनमधल्या जागतिक घड्याळात पाहिलं: आपल्याकडे आठ, तिकडे साडेआठ. तेच मेलमध्ये उतरवलं. मधल्या रविवारी, 9 मार्चला, पहाटे दोन वाजता अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे सरकली. म्हणजे सोमवारी पुण्यात रात्री आठ वाजले, तेव्हा शिकागोत साडेनऊ झाले होते. तो बिचारा मेलवर विश्वास ठेवून साडेआठला आला. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सातच वाजले होते.

हे गणित नीट बसवायचं तर मधे ग्रिनिचची वेळ धरावी. भारत तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे, बारा महिने. शिकागो हिवाळ्यात सहा तास मागे असतं आणि उन्हाळ्याच्या वेळेत पाच तास मागे. म्हणून पुणे आणि शिकागो यांच्यातलं अंतर कधी साडेअकरा तासांचं असतं, तर कधी साडेदहाचं. अमेरिकेत 2007पासून हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपतो. युरोपात तो मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत असतो. त्यामुळे वर्षातून दोनदा काही दिवस असे येतात की, बर्लिनच्या उमेदवारासाठी पाठ झालेलं गणित न्यू जर्सीच्या उमेदवाराला लावता येत नाही. आपण घड्याळाला हात लावत नाही, त्यामुळे पलीकडे काही हललंय हे इकडे बसून जाणवतच नाही. मार्चमध्ये अशी चूक झाली की अमेरिकेतला माणूस तासभर लवकर येतो. ऑक्टोबरच्या शेवटी पाठवलेल्या मेलने नोव्हेंबरमधल्या मुलाखतीला तोच माणूस तासभर उशिरा येतो, आणि तो उशीर पॅनेल त्याच्याच खात्यावर मांडतं. मला याचं जास्त वाईट वाटतं.

म्हणून आता माझा पहिला नियम असा की, फरक मेल लिहिण्याच्या दिवसाचा धरायचा नाही, मुलाखतीच्या तारखेचा धरायचा. जागतिक घड्याळ फक्त आत्ताची वेळ दाखवतं, ते इथे कामाचं नाही. कॅलेंडरमध्ये त्या तारखेला मुलाखत टाकायची, वेळेच्या बाजूला दुसरा टाइम झोन उघडायचा, शहर निवडायचं आणि तिथे दिसेल ती वेळ मेलमध्ये उतरवायची. कॅलेंडर आत हे असं साठवतं:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20250310T200000
```

शहराच्या नावाने वेळ साठवली की कोणत्या तारखेला किती फरक, हे यंत्राला माहीत असतं. त्या गुरुवारी मी आधी इन्व्हाइट केलं असतं, तर साडेनऊ हा आकडा माझ्या डोळ्यांसमोर आला असता. मी नुसता मेल पाठवला होता आणि खाली मीटिंगची लिंक चिकटवली होती.

मग कोणी विचारेल, इन्व्हाइट जातंच आहे तर मेलमध्ये दोन वेळा लिहायच्या कशाला? इन्व्हाइट बघणाऱ्याच्या यंत्राप्रमाणे वेळ दाखवतं, आणि उमेदवार त्या आठवड्यात बहिणीकडे सिॲटलला गेलेला असू शकतो. मेलमध्ये शिकागो हे नाव लिहिलेलं असलं, तर त्याच्या लगेच लक्षात येतं की हिशेब कुठला धरलाय. त्यासाठी त्याला आधी विचारावं लागतं: त्या दिवशी तुम्ही कोणत्या शहरात असाल? देश विचारून भागत नाही. एकट्या ॲरिझोनाचंच बघा, त्या राज्यातला बहुतेक भाग घड्याळ बदलतच नाही.

मेल अर्थातच इंग्रजीत जातो, पण त्यातल्या वेळेच्या ओळी मराठीत सांगायच्या तर अशा:

सोमवार, 10 मार्च 2025
शिकागो: सकाळी 9.30 (सेंट्रल डेलाइट टाइम, ग्रिनिचच्या 5 तास मागे)
पुणे: रात्री 8.00 (भारतीय प्रमाणवेळ, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे)
कालावधी: 45 मिनिटं

उमेदवाराची वेळ वर, कारण गजर त्याला लावायचाय. महिना अक्षरी, कारण 10/3 लिहिलं तर अमेरिकेतला माणूस 3 ऑक्टोबर वाचतो. आणि नुसतं `IST` लिहून मी थांबत नाही. आयर्लंड आणि इस्रायल यांच्या प्रमाणवेळांची आद्याक्षरंही तीच होतात, डब्लिनमध्ये बसलेल्या माणसाने ते आपल्या घरचं समजलं तर दोष त्याचा नाही. `CST`चं दुखणं वेगळं. सवयीने लोक ते बारा महिने लिहितात, पण उन्हाळ्याच्या वेळेत ते `CDT` होतं. कोणी मार्चच्या मेलमधलं `CST` अक्षरशः धरलं, तर पुन्हा तासाची चूक.

मुलाखत आपल्या सकाळी असेल तर वारही सांभाळावा लागतो. मंगळवारी सकाळी सातला पुण्यात बसायचं ठरलं, तर उन्हाळ्याच्या वेळेत शिकागोत सोमवारचे रात्रीचे साडेआठ असतात. अशा वेळी वर एकच तारीख लिहून चालत नाही, प्रत्येक वेळेपुढे आपापला वार आणि तारीख लिहायची. एरवी हुशार माणसं इथे चोवीस तासांनी चुकतात.

पाठवण्याआधीची माझी एक झटपट तपासणी आहे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे, आणि पंधरा अंशांना एक तास या हिशेबाने ते साडेपाच तास होतात. हा अर्धा तास इथे उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या किंवा पश्चिम युरोपातल्या शहराशी आपले मिनिटांचे आकडे कधीच जुळत नाहीत. इकडे 8.00 असेल तर तिकडे काहीतरी 30च हवं. दोन्ही ओळींत मिनिटं सारखी दिसली की अर्धा तास कुठेतरी गळालाय. मात्र पूर्ण तासाची चूक, माझी झाली तशी, या तपासणीत सापडत नाही. तिथे तारीखच बघावी लागते.

मेलच्या शेवटी आता मी एक विनंती लिहिते: उत्तरात आपल्या शहरातली वेळ आपल्या शब्दांत लिहून पाठवा. नुसतं 'ठीक आहे' आलं, तर त्याने ती ओळ वाचली की नाही हे कळत नाही.

त्या रात्री पॅनेलला झालेली चूक सांगितली आणि गुरुवारची वेळ मागून घेतली, तीच, रात्री आठची. शिकागोहून उत्तर आलं: गुरुवार 13 मार्च, माझ्याकडे सकाळचे साडेनऊ, साडेआठ नाही ना? मी लिहिलं, नाही, साडेनऊच. गुरुवारी पुण्यात सात अठ्ठावन्न झाले, आणि स्क्रीनवर त्याचं नाव आलं.