भट्टी १५० अंशांवर का टिकत नाही?

मोटर रिवाइंड केल्यावर वार्निश पक्कं करण्यासाठी ती विजेच्या भट्टीत ठेवतात. समजा, भट्टीचं तापमान १५० अंश सेल्सिअस हवं आहे आणि बाहेर ३० अंश आहेत. बाहेरच्यापेक्षा भट्टी जितके अंश गरम, त्या प्रत्येक अंशामागे ५ वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे १५० अंशांवर टिकायचं तर हीटरने सतत ६०० वॅट द्यायला हवेत. हे ६०० वॅट पीआयडी कंट्रोलरचा कोणता भाग देतो, ते पाहू.

‘पी’ म्हणजे प्रमाण. तापमान जितकं कमी, तितकी वीज जास्त. एका अंशाच्या तुटीला १५ वॅट ठरवले, तर भट्टी १२० अंशांवर अडकते. तिथे तूट ३० अंशांची, म्हणून ४५० वॅट आत येतात आणि तेवढेच बाहेर जातात. तूट संपली तर ‘पी’ची वीजही संपेल, त्यामुळे काही तूट उरणारच. १५ ऐवजी ९५ वॅट केले तर भट्टी १४४ अंशांपर्यंत पोचते, पण ६ अंश कमीच. प्रमाण आणखी वाढवलं तर वेगळीच अडचण येते. थर्मोकपलला बदल उशिरा कळतो आणि तापमान वरखाली हेलकावे घेऊ लागतं.

उरलेली तूट ‘आय’ भरून काढतो. तो प्रत्येक क्षणाची तूट साठवत जातो आणि त्या साठ्याच्या प्रमाणात वीज देतो. तापमान १५० वर पोचलं तरी साठा शिल्लक असतो, त्यामुळे तूट शून्य असतानाही ६०० वॅट मिळत राहतात. मात्र थंड भट्टी तापताना तूट बराच वेळ मोठी असते आणि साठा गरजेपेक्षा फुगतो. तो कमी व्हायचा तर तापमान १५० च्या वर जावंच लागतं. यालाच ओव्हरशूट म्हणतात. म्हणून चांगले कंट्रोलर हीटर पूर्ण जोरात चालू असताना ही साठवण थांबवतात.

‘डी’ तापमान किती वेगाने चढतंय ते पाहतो. चढ जोराचा असेल, तर १५० येण्याआधीच तो वीज कमी करतो आणि ओव्हरशूट आटोक्यात येतो. भट्टी स्थिर झाली की वेग शून्य होतो आणि ‘डी’चं काम थांबतं. त्यामुळे उरलेली तूट तो भरून काढू शकत नाही. शिवाय थर्मोकपलच्या सिग्नलमधली बारीक थरथरही त्याला वेगच वाटते. ‘डी’ जास्त ठेवला तर हीटरची वीज विनाकारण उड्या मारते.

तेव्हा आकड्यांना हात लावण्याआधी तापमानाचा आलेख पाहा. रेषा १५० च्या खाली सरळ थांबली असेल तर ‘आय’ वाढवा. ती वर जाऊन मग खाली येत असेल तर ‘आय’ कमी करा किंवा थोडा ‘डी’ द्या. हेलकावे थांबतच नसतील तर आधी ‘पी’ उतरवा.