टेबलावर पडलेला गेमपॅड

संगणकावर कीबोर्ड आणि माउसने खेळणाऱ्या एका खेळाडूची तक्रार अशी: पडद्यावर "दार उघडण्यासाठी E दाबा" असं दिसतं, आणि क्षणात E च्या जागी हिरवा A येतो. पुन्हा E, पुन्हा A. कीबोर्डला हात लावला की E, सोडला की A. शेवटी लक्षात येतं, की यूएसबीला जोडलेला एक जुना गेमपॅड टेबलावर पडून आहे आणि त्याला कोणीही हात लावलेला नाही. खेळाला मात्र वाटतंय, की कोणीतरी तो वापरतंय.

ही तक्रार समजून घेतली, तर एखाद्या खेळाला गेमपॅड जोडायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते बरंचसं समजतं.

गेमपॅडची स्टिक हा बहुतेक पॅडमध्ये साधा पोटेन्शिओमीटर असतो: कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासत फिरणारा धातूचा तुकडा. अंगठा काढला की स्प्रिंग स्टिकला मधोमध आणते, पण दर वेळी अगदी त्याच बिंदूवर नाही. वापरून पट्टा झिजला की फरक वाढत जातो. त्यामुळे स्थिर पडलेला पॅडही खेळाला शून्य कळवत नाही. आडव्या अक्षावर 0.06, उभ्यावर -0.04 असं काहीतरी कळवत राहतो, आणि तेही सतत थोडं हलत. खेळाडूच्या भाषेत हा 'ड्रिफ्ट'. अशा प्रत्येक बारीक हालचालीला खेळ 'पॅडवरून आलेली आज्ञा' समजला, की पडद्यावरचं चिन्ह बदलणारच.

यावरचा उपाय म्हणजे डेड झोन: मध्याभोवतीचा एवढा भाग मृत समजायचा, तिथली हालचाल शून्य धरायची. मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुटसाठी सुचवलेले आकडे डाव्या स्टिकला 7849 आणि उजव्या स्टिकला 8689 आहेत, 32767 पैकी. म्हणजे साधारण 24 आणि 27 टक्के. कल्पनेपेक्षा मोठा भाग आहे हा.

डेड झोन लावताना चूक होते ती अशी. आडवा आणि उभा अक्ष वेगवेगळा तपासला जातो: आडवा 0.2 पेक्षा कमी असेल तर शून्य, उभा कमी असेल तर शून्य. ड्रिफ्ट थांबतो, पण आता खेळाडूने स्टिक पूर्ण ढकलून उजवीकडे, किंचित वर, दहा अंशांच्या कोनात नेली, तर आकडे येतात 0.985 आणि 0.174. दुसरा आकडा 0.2 पेक्षा लहान, म्हणून तो पुसला जातो आणि पात्र सरळ उजवीकडे जातं. खेळाडूला वाटतं, स्टिक चार दिशांना चिकटते आहे. नेम धरायच्या खेळात तर हे असह्य होतं.

म्हणून अक्ष सुटे न तपासता मध्यापासूनचं अंतर मोजायचं, म्हणजे मृत भाग वर्तुळाकार होतो. त्या पडलेल्या पॅडचं अंतर 0.072 येतं, ते वर्तुळाच्या आत राहतं. दहा अंशांच्या कोनातलं अंतर 1 येतं आणि दिशा जशीच्या तशी टिकते. एवढ्यावर थांबलं तरी एक त्रुटी उरते. वर्तुळाची कड ओलांडताच पात्र एकदम 20 टक्के वेगाने निघतं. त्याहून हळू चालवताच येत नाही. म्हणून उरलेला पट्टा पुन्हा शून्यापासून एकपर्यंत ताणून घ्यायचा. बाहेरची मर्यादाही 1 ऐवजी 0.95 धरावी, कारण झिजलेली स्टिक टोकापर्यंत पोचेलच असं नाही.

```
d = sqrt(x*x + y*y)
if d < 0.2: return (0, 0)
t = min((d - 0.2) / (0.95 - 0.2), 1)
return (x/d * t, y/d * t)
```

स्टिक 0.35 पर्यंत ढकलली, तर 0.15 भागिले 0.75, म्हणजे 0.2 मिळतात. पात्र हळू चालतं, आणि खेळाडूला अंगठ्याखाली ते जाणवतं.

चिन्ह बदलण्यासाठी मात्र हीच सीमा वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. चालण्यासाठी 0.2 पुरे, पण 'खेळाडूने आता पॅड हातात घेतला' हे ठरवायला बटण दाबलं जायला हवं किंवा स्टिक 0.5 च्या पुढे जायला हवी. उलट दिशेलाही तसंच: माउस एखादा पिक्सेल सरकला म्हणून लगेच कीबोर्डची चिन्हं आणू नयेत.

चिन्ह कोणतं दाखवायचं, हा वेगळा गुंता आहे. एक्सबॉक्सच्या पॅडवर A खाली असतो आणि B उजवीकडे. निन्टेन्डोच्या पॅडवर A उजवीकडे, B खाली. प्लेस्टेशनला खाली फुली, उजवीकडे गोल. म्हणून प्रोग्राममध्ये 'A दाबलं तर उडी' असं न लिहिता 'खालचं बटण दाबलं तर उडी' असं लिहायचं आणि चित्र पॅड ओळखून निवडायचं. एसडीएल 3 मध्ये या बटणांची नावंच दिशांवरून आहेत: `SDL_GAMEPAD_BUTTON_SOUTH`, `SDL_GAMEPAD_BUTTON_EAST`. मेनूतला होकार मात्र जागेवरून ठरवू नये. निन्टेन्डोचा खेळाडू होकारासाठी उजवीकडचा A दाबतो. जपानमध्ये प्लेस्टेशनवर गोल म्हणजे होकार होता. 2020 साली प्लेस्टेशन 5 आला तेव्हा तिथेही फुली आली.

पॅड ओळखण्यालाही मर्यादा आहे. एक्सइनपुट पॅड कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही. स्टीम इनपुट चालू असेल तर प्लेस्टेशनचा पॅडही खेळाला एक्सबॉक्सचा म्हणून दिसू शकतो. त्यामुळे चिन्हं हाताने निवडायची सोय सेटिंगमध्ये हवीच.

आता कंपन. नेहमीच्या पॅडमध्ये दोन मोटरी असतात, दोन्हींच्या दांड्यावर एका बाजूला जड वजन. डावीकडची जड आणि संथ. स्फोट, धडक तिच्याकडे. उजवीकडची हलकी आणि वेगवान. खडबडीत रस्ता तिच्याकडे. मोटरीला वेग घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे फारच छोटा झटका हाताला कळतच नाही. स्विचच्या जॉय-कॉनमध्ये अशा फिरत्या मोटरी नाहीत, तिथे पुढेमागे थरथरणारी यंत्रणा आहे. तोच झटका तिथे वेगळा लागतो आणि प्रत्यक्ष हातात धरूनच जुळवावा लागतो.

प्लॅटफॉर्म बदलला की आज्ञाही बदलते. एसडीएल आणि ब्राउझर कंपन किती वेळ चालावं ते विचारतात. एक्सइनपुट विचारत नाही: वेग दिला की शून्य देईपर्यंत मोटर फिरत राहते. धडकेच्या क्षणी खेळाडूने खेळ थांबवला आणि शून्य पाठवायचं राहिलं, तर मेनू उघडा असेपर्यंत पॅड घरघरत राहतो. खेळ थांबला, खिडकी मागे गेली, खेळ बंद झाला, या प्रत्येक वेळी मोटरी शून्यावर आणायलाच हव्यात.

आणि कंपन पाठवायचं ते शेवटी वापरलेल्या उपकरणाकडेच. खेळाडू माउसने खेळत असताना टेबलावरच्या पॅडला कंपन गेलं, तर पॅड लाकडावर थरथरतो, स्टिक हलते, ती हालचाल खेळाकडे जाते आणि चिन्ह पुन्हा बदलतं. डेड झोन, चिन्हं आणि कंपन हे तीन भाग तिघांनी वेगवेगळे लिहिले, तर प्रत्येकाचा भाग स्वतंत्रपणे बरोबर चालतो आणि तरी खेळ असा वागतो.

तुम्ही खेळणारे असाल आणि पात्र आपोआप सरकत असेल, तर नवा पॅड घेण्याआधी सेटिंगमध्ये डेड झोन शोधा. तो थोडा थोडा वाढवत न्या आणि सरकणं थांबताच तिथेच सोडा. त्यापुढे वाढवलात तर हळू चालण्यासाठी उरलेली जागाच कमी होते.