वेग 20 टक्के कमी, वीज निम्मी: पंख्याचं आणि पंपाचं गणित

व्हिडिओत फळ्यावर मांडलेलं गणित अनेकांना लिहून हवं होतं, म्हणून आज ते सविस्तर घेऊया. तुमच्याकडे हॉटेलचा एक्झॉस्ट ब्लोअर असेल, वर्कशॉपचा धूळ ओढणारा पंखा असेल किंवा पाणी फिरवणारा पंप असेल, तर हे तुमच्या वीजबिलाशी थेट जोडलेलं आहे. आणि शेवटी एक प्रश्न सोडवायचाय: ड्राइव्ह विकणारा माणूस दुकानात आला, तर त्याला हो म्हणायचं की नाही?

तीन नियम, एका दमात

पंखा किंवा सेंट्रिफ्युगल पंप, म्हणजे पात्याच्या चाकाने हवा-पाणी बाहेर फेकणारं यंत्र. त्याचा वेग बदलला की तीन गोष्टी बदलतात. इंजिनिअर लोक यांना ॲफिनिटी लॉज म्हणतात.

पहिली गोष्ट, हवा किंवा पाणी वेगाच्या प्रमाणात कमी होतं. वेग 80 टक्के केला तर हवा 80 टक्के मिळते. दुसरी, दाब वेगाच्या वर्गाने कमी होतो. 0.8 × 0.8 म्हणजे 0.64, दाब 64 टक्के राहिला. तिसरी गोष्ट पैशाची. लागणारी ताकद म्हणजे हवा गुणिले दाब. दोन्ही कमी झाले, म्हणून गुणाकार आणखी कमी होतो.

0.8 × 0.8 × 0.8 = 0.512

म्हणजे हवा फक्त 20 टक्क्यांनी कमी झाली, पण पंख्याला लागणारी ताकद जवळपास निम्म्यावर आली. यात जादू काही नाही. तुम्ही कमी हवा ढकलताय आणि ती कमी जोराने ढकलताय, दोन्हीकडून वाचतंय.

हेच उलटंही चालतं, ते विसरू नका. ओढ कमी पडते म्हणून कुणी पुली बदलून वेग 10 टक्के वाढवला, तर ताकद 1.1 × 1.1 × 1.1 म्हणजे 1.33 पट लागते. आधीच भरून चाललेली मोटर मग तापते, ओव्हरलोड रिले ट्रिप होतो, आणि रिलेची सेटिंग कुणी वाढवून ठेवली असेल तर वाइंडिंग जळतं. दोष मोटरचा नसतो, गणिताचा असतो.

डॅम्पर लावून का वाचत नाही?

आता बहुतेक ठिकाणी काय करतात? ब्लोअर गरजेपेक्षा मोठा बसवलेला असतो. ओढ जास्त होते, शेगडीची ज्योत हलते, आवाज होतो. मग डक्टमधला डॅम्पर अर्धा बंद करतात. हवा कमी झाली, काम झालं.

पण पंखा अजून पूर्ण वेगाने फिरतोच आहे. तो पूर्ण दाब तयार करतो आणि तुम्ही तो डॅम्परवर मारून टाकता. एका पायाने ॲक्सिलरेटर, दुसऱ्या पायाने ब्रेक! वीज थोडी उतरते, पण निम्मी नाही. किती उतरेल ते पात्याच्या आकारावर अवलंबून असतं.

म्हणून तुमच्याकडे पहिली खूण ही शोधा: डॅम्पर किंवा व्हॉल्व्ह कायम अर्धवट बंद आहे का? असेल, तर तुमचा पंखा गरजेपेक्षा जोरात फिरतोय आणि इथे पैसा आहे.

एक हॉटेल धरूया

किचनचा ब्लोअर, 5 एचपी मोटर, पट्ट्यावर चालणारा. दिवसाला 12 तास, महिन्याचे 30 दिवस. डॅम्पर अर्धा बंद. सब-मीटर लावून पाहिलं तर तासाला 3.1 युनिट जातात. डॅम्पर पूर्ण उघडून पाहिलं तर तासाला 3.5.

आता डॅम्पर पूर्ण उघडायचा आणि वेग 80 टक्क्यांवर आणायचा. कागदावर 3.5 × 0.512 म्हणजे साधारण 1.8 युनिट. पण मोटर अर्ध्या लोडवर थोडी कमी कार्यक्षम होते, पट्ट्यात थोडं जातं, ड्राइव्ह असेल तर तोही थोडं खातो. म्हणून हिशोबाला 2 युनिट धरा.

बचत किती? इथे नीट लक्ष द्या. विकणारा मोटरच्या पाटीवरून सुरू करतो: "5 एचपी म्हणजे 3.7 किलोवॅट, निम्मे वाचले." तुम्ही पाटीवरून नाही, आज मीटर जे दाखवतोय तिथून सुरू करायचं. आज जातात 3.1, उद्या जातील 2. तासाला वाचले 1.1 युनिट.

1.1 × 12 × 30 = 396 युनिट महिन्याला. युनिटला सगळं धरून 10 रुपये पकडले तर 3,960 रुपये. तुमचा दर बिलावरून काढा: वीज आकार, वहन आकार आणि त्यावरचं वीज शुल्क धरा. स्थिर आकार यात धरू नका, पंखा हळू फिरवला म्हणून तो सहसा कमी होत नाही.

ड्राइव्ह की पुली?

वेग कमी करायचे दोन मार्ग. एक व्हीएफडी, म्हणजे आपण ज्याला नुसतं ड्राइव्ह म्हणतो. तो मोटरला 50 ऐवजी 40 हर्ट्झ देतो. पॅनेल आणि फिटिंगसह तुम्हाला 25,000 रुपयांचं कोटेशन आलं असं धरू.

दुसरा मार्ग आपल्या जुन्या मिस्त्रीचा. मोटर 1440 आरपीएम, मोटरची पुली 5 इंच, पंख्याची 8 इंच. पंखा फिरतो 1440 × 5 ÷ 8 = 900. पंख्याची पुली 10 इंची बसवली तर 1440 × 5 ÷ 10 = 720. बरोबर 80 टक्के! पट्टा थोडा लांब लागेल किंवा मोटर सरकवावी लागेल, आणि मोठी पुली गार्डमध्ये बसते का ते बघावं लागेल. पुली, पट्टा, मजुरी मिळून 3,000 धरू.

पुलीचे पैसे महिन्याच्या आत वसूल. ड्राइव्हचे सहा महिन्यांपेक्षा थोडे जास्त. दोन्ही चांगलेच दिसतात ना? पण खरा प्रश्न वेगळा आहे: पुलीच्या वर ड्राइव्ह मला जास्तीचं काय देतो?

ड्राइव्ह देतो वेग बदलायची सोय. समजा 12 पैकी 6 तास गर्दी नसते आणि त्या वेळी 35 हर्ट्झवर भागतं. 0.7 चा घन 0.343, म्हणजे कागदावर 1.2 युनिट, प्रत्यक्षात 1.4 धरू. पुलीच्या 2 युनिटपेक्षा तासाला 0.6 जास्त वाचले. 0.6 × 6 × 30 = 108 युनिट, म्हणजे 1,080 रुपये महिना. त्यासाठी जास्तीचे 22,000 घालायचे. वसूल व्हायला वीस महिने!

म्हणून नियम साधा ठेवा. एकच वेग कायम चालणार असेल तर पुली. दिवसभरात गरज खूप बदलत असेल, किंवा पंखा मोटरला थेट जोडलेला असेल आणि पुलीच नसेल, तर ड्राइव्ह.

वेग उतरवल्यावर काय तपासायचं

दुपारच्या ऐन गर्दीत किचनमध्ये उभे राहा. तव्यावरचा धूर हुडच्या कडेबाहेर सांडतोय का? सांडत असेल तर तुम्ही जास्त उतरवलंय, थोडं वर या. धूर किचनमध्ये सोडून वाचवलेली वीज ही बचत नाही. गॅस वापरताय, त्यामुळे हवा खेळती राहणं ही सुरक्षेची गोष्ट आहे.

ड्राइव्ह असेल तर फार खालीही जाऊ नका. मोटरला थंड ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तोही मंदावतो. आणि बचत अँपिअरवरून मोजू नका. लोड कमी झाल्यावर मोटरचा पॉवर फॅक्टर घसरतो, त्यामुळे अँपिअर आणि युनिट एकाच प्रमाणात उतरत नाहीत. सब-मीटरवर आधी एक पूर्ण दिवस, नंतर एक पूर्ण दिवस, आणि वजाबाकी.

हे गणित कुठे चालत नाही

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. समजा बिल्डिंगचा पंप 30 मीटर उंच टाकीत पाणी चढवतो. पंप पूर्ण वेगाने जास्तीत जास्त 40 मीटरपर्यंत पाणी उचलू शकतो. वेग 80 टक्के केला तर ही उंची वर्गाने घटते: 40 × 0.64 = 25.6 मीटर. टाकी 30 वर आहे. म्हणजे मोटर चालू, मीटर चालू, आणि टाकीत थेंब नाही! पाणी पंपातच घुसळून गरम होतं आणि सील खराब होतं.

घनाचा नियम तसाच्या तसा तिथेच लागतो, जिथे सगळा दाब घर्षणात जातो: डक्टमधली हवा, बंद लूपमध्ये फिरणारं चिलरचं पाणी. जिथे उंची चढायची आहे तिथे ती उंची वेग कमी केला म्हणून कमी होत नाही. टाकी भरणाऱ्या पंपाला हळू चालवण्यापेक्षा योग्य मापाचा पंप घेणं बरं.

तसंच पिठाची गिरणी, कन्व्हेयर, पिस्टन कॉम्प्रेसर, गिअर पंप. यांना वेग 20 टक्के कमी केला तर ताकदही साधारण 20 टक्केच कमी होते, आणि कामही तेवढंच कमी होतं. दळण तेवढंच दळायचं असेल तर गिरणी जास्त वेळ चालेल. वाचलं काय? जवळपास काहीच नाही. कुणी गिरणीला "निम्मी वीज" म्हणून ड्राइव्ह विकायला आला, तर त्याला चहा द्या आणि हे गणित दाखवा.

तर ड्राइव्हवाला आला की त्याला तीन प्रश्न विचारायचे. बचत पाटीवरून काढली की माझ्या मीटरवरून? माझं काम घर्षणाचं आहे की उंची चढायचं? आणि पुली बदलून हेच झालं नसतं का? तिन्हीची उत्तरं आकड्यांत मिळाली, तरच कोटेशनवर सही.